गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं

पाटील काका (बी-३०२): पहिल्या कंत्राटदाराचं ३,४२,००० आहे ना? देऊन टाका त्याला. पाऊस तोंडावर आलाय.

नीलिमा (खजिनदार): काका, ती रक्कम कशाची ते बघा. ९५ रुपये दर गुणिले ३,६०० चौरस फूट, म्हणजे फक्त सपाट गच्ची. कठड्यावर दीड फूट चढवायचं काम त्यात नाहीच, आणि आपल्याकडे गळतंय ते त्या सांध्यातूनच! ते धरलं की ४,००० फूट होतात. डेब्रिज उतरवायचे ३०,००० शेवटच्या पानावर, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ४,८३,८००.

पाटील काका: अरे देवा 🤦

नीलिमा: दुसऱ्याचे एकरकमी ४,६०,०००. ४,००० फूट, डेब्रिज, जीएसटी सगळं आत आहे असं त्याच्याकडून मेलवर लिहून घेतलंय. तिसरा ११० दराने, डेब्रिजसकट, जीएसटी धरून ५,१९,२००.

सागर (ए-१०४): मग दुसराच की!

नीलिमा: थांब. पाकिटं फोडायच्या आधीच कमिटीने १०० गुण वाटलेत: किंमत ४०, कामाची पद्धत २५, वॉरंटी २०, अनुभव १५. नंतर वाटले असते तर प्रत्येकाने आपल्या माणसाच्या सोयीने वाटले असते.

सागर: किमतीचे गुण नंबरावर? पहिला, दुसरा, तिसरा?

नीलिमा: नाही. तसं केलं तर २४ हजारांचा फरक आणि ३५ हजारांचा फरक सारखाच मोजला जातो. सगळ्यात कमी रकमेला ज्या-त्या कंत्राटदाराच्या रकमेने भागायचं आणि ४० ने गुणायचं. दुसऱ्याला ४०, पहिल्याला ३८, तिसऱ्याला ३५.४. बाकीचे गुण पाच जणांनी वेगवेगळे लिहिले, मग सरासरी काढली.

पहिला: ३८ + १५ + १० + १२ = ७५
दुसरा: ४० + १२.५ + ६ + ९ = ६७.५
तिसरा: ३५.४ + २० + १४ + ९ = ७८.४

पाटील काका: महागडा तिसराच वर आला, वा! किमतीला ६० गुण ठेवले असते तर?

नीलिमा: तेही करून पाहिलं. बाकीचे त्याच प्रमाणात कमी केले तर तिसरा ८१.८ आणि पहिला ८१.७. म्हणजे बरोबरीच. त्यामुळे तिसरा डोळे मिटून घ्या असं मी म्हणत नाही. त्याला पद्धतीत जास्त गुण मिळाले कारण तो भेगा खोदून भरणार आणि दोन थरांमध्ये फायबरची जाळी टाकणार.

सागर: आणि वॉरंटी?

नीलिमा: १० वर्षांची. पण "नवीन भेगा वगळून" अशी ओळ आहे, म्हणून पूर्ण २० न देता १४ दिले. ती ओळ काढतो का ते विचारलंय. आणि शेवटचा हप्ता गच्चीवर ४८ तास पाणी साठवून, खालच्या मजल्याची छतं बघितल्यावरच.

पाटील काका: माझंच छत आहे ते. मी बसतो खुर्ची टाकून.