ड्रायर फिरतो, पण कपडे थंडच. खरंच हीटर गेला असेल का?

खामल्याची वर्षा
घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. रोज दोन-तीन चादरी धुवाव्याच लागतात आणि गेले आठ दिवस नागपुरात ऊन नाही. म्हणून हा ड्रायर आमच्यासाठी चैन नाही. सहा वर्षांचा आहे, मागे पाइप असलेला, २००० वॅटचा. परवापासून ड्रम फिरतो, टायमर पुढे सरकतो, आवाजही नेहमीचाच, पण तासाभराने चादर काढली तर तशीच गार आणि ओली. मेकॅनिकला फोन केला तर मशीन न बघताच म्हणाला, हीटर गेला, अख्खा सेट बदला. सांगितलेली रक्कम ऐकून गप्पच बसले. बदलण्याआधी घरी काय तपासता येईल? कोणी चांगला माणूस माहीत असेल तर तेही सांगा.

इतवारीचा पप्पू
ताई, आमचाबी असाच होता. ड्रायरचं झाकण लावलं तरी टब फिरूनच नाही राहिला. ब्रेकची तार तुटली होती, थोडक्यात काम झालं. पहिले ती बघा.

खामल्याची वर्षा
दादा, तुमचा सेमी-ऑटोमॅटिकचा पिळायचा टब असेल. आमचा वेगळा आहे, गरम हवेने वाळवणारा. फिरतो नीट, तापत नाही.

न्यूजर्सीचा भाचा
मामाकडे नागपूरला येतो तेव्हा हेच सांगतो, आधी ब्रेकर बघा. ड्रायरला दोन लाइनी असतात. एक ट्रिप झाली की मोटर चालते आणि हीटर बंद पडतो. इथे माझ्या घरी अगदी असंच झालं होतं.

जुना वायरमन
भाचेबुवा, तुमच्याकडे ते बरोबर आहे. तिथे हीटरला दोन्ही लाइनी मिळून २४० व्होल्ट लागतात आणि मोटर एकीवर चालते. आपल्याकडे मोटर आणि हीटर दोन्ही एकाच फेज-न्यूट्रलवर असतात. घरात थ्री फेज असला तरी ड्रायरच्या प्लगला एकच फेज येतो. तो गेला तर ड्रमही फिरणार नाही. व्होल्टेज पडलं तर हीटर मंदावतो, १८० व्होल्टला २००० वॅटचा जेमतेम १२०० वॅटचा होतो. पण तेव्हा कपडे कोमट तरी निघतात. पूर्ण गार म्हणजे हीटरला करंटच जात नाही.

वर्षाताई, एक तपासणी हत्याराशिवाय होते. तुमच्या विजेच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजही. इन्व्हर्टर विसरू नका, बॅटरी चार्ज होत असेल तर हिशोब चुकतो. ड्रायर गार असताना सर्वांत गरम सेटिंगवर सुरू करा आणि लगेच एक मिनिट मोजा. नुसत्या गार हवेच्या सेटिंगवर तर नाही ना, तेही बघून घ्या.

खामल्याची वर्षा
काका, मोजलं. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलंय. मिनिटाला १९ वेळा लुकलुकला. सेटिंग गरमवरच होती.

जुना वायरमन
१९ म्हणजे साधारण ३५० वॅट, एकट्या मोटरचे. हीटर चालू असता तर आणखी शंभराच्या वर भर पडली असती, सेकंदाला जवळपास दोनदा. तेव्हा हीटरकडे वीज जात नाही हे नक्की. आता ती कुठे अडते ते बघायचं. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मग मागचा पत्रा उघडा. हे तुम्ही एकट्या करू नका, मल्टिमीटर हाताळणारं कोणी असू द्या. हीटरची एक वायर काढून मगच मोजायचं, नाहीतर दुसऱ्या वाटेने खोटं रीडिंग येतं. २००० वॅटच्या कॉइलला २६-२७ ओहम यायला हवेत. त्याच वेळी एक टोक कॉइलला आणि एक मशीनच्या पत्र्याला लावून बघा, तिथे काहीही दिसता कामा नये. दिसलं तर मशीन परत प्लगला लावूच नका.

खामल्याची वर्षा
दिराने उघडलं. कॉइल २७ ओहम, पत्र्याशी काही नाही. म्हणजे हीटर ठणठणीत! हीटरच्या डब्यावर नाण्याएवढे दोन गोल भाग आहेत. एकावर बीप वाजते, दुसऱ्यावर वाजत नाही. न वाजणाऱ्याच्या मध्ये बारीक लाल बटण आहे.

धंतोलीचा सचिन
तो कटआउट आहे. दोन्ही वायरी एकत्र जोडून टाका, पाच मिनिटांचं काम. माझ्या गिझरला दोन वर्षांपासून तसंच आहे.

जुना वायरमन
सचिनभाऊ, हात जोडून सांगतो, असं सांगू नका. गिझरचंही आधी नीट करून घ्या. ड्रायरमध्ये कापसाचा भुगा असतो, हीटर लाल होतो आणि त्याला थांबवणारी शेवटची वस्तू हीच आहे. वर्षाताई, लाल बटण दाबा, टक् आवाज येईल आणि बीप वाजेल. बटण नसलेला कटआउट एकदा उडाला की बदलावाच लागतो, तुमचा परत बसतो. पण तो उगाच उडत नाही. मशीन इतक्यात हलवलं होतं का?

खामल्याची वर्षा
हो काका! रंगकामाला पुढे ओढलं होतं. मागे ढकलताना पाइप भिंतीला दाबून पार चपटा झालाय. बाहेरच्या जाळीवर तर भुग्याचा नमदाच बसला होता, बोटाने सोलून काढला, गालिच्यासारखा निघाला. पाइप सरळ केला, बटण दाबलं, मशीन तापलं. सासूबाईंना आज कोरडी चादर मिळाली. खूप आभार!

खामल्याची वर्षा
काका, परत मीच. तीन वेळा नीट चाललं, चौथ्यांदा पुन्हा गार. पाइप मोकळा आहे, हवा बाहेर जोरात येते. दुसरा गोल भाग तर चांगला आहे, बीप वाजते ना?

जुना वायरमन
इथेच भले भले फसतात. तो रोजचा थर्मोस्टॅट. गार असताना तो जोडलेलाच असतो, तेव्हा बीप वाजणारच. त्याचं काम तापल्यावर सुटायचं. आतले पॉइंट चिकटले असतील तर गारमध्ये रीडिंग बरोबर येतं, पण तो हीटर बंद करत नाही आणि कटआउटला उडावं लागतं. पुन्हा मीटरकडे जा. ओल्या कपड्यांनी भरलेल्या मशीनमध्ये हीटर बराच वेळ सलग चालतो, त्यामुळे दोनच दमट टॉवेल टाका. दिवा जोरात लुकलुकत, मग मंद, मग परत जोरात असा चालला तर थर्मोस्टॅट काम करतोय. समोर उभं राहून बघा, सोडून जाऊ नका.

खामल्याची वर्षा
बघितलं. २० मिनिटं दिवा सारखा जोरात, एकदाही मंद नाही. मग एकदम मंद झाला आणि तसाच राहिला. उघडलं तर लाल बटण उडालेलं.

जुना वायरमन
म्हणजे थर्मोस्टॅट चिकटला आहे. त्याच्या अंगावर तापमान छापलेलं असतं, तेच घ्या. जास्तीचा चालेल म्हणणाऱ्याचं ऐकू नका. इतक्यांदा उडालेला कटआउटही मी सोबत बदलला असता.

प्रतापनगरची मीनल
बर्डीवर सुटे भाग मिळतात, जुना भाग हातात घेऊन जा. पण आमच्या वॉशिंग मशीनचा लोकल थर्मोस्टॅट वर्षभरात गेला. मी कंपनीचाच घेईन.

जुना वायरमन
मी लोकलही बसवलेत, चार-चार वर्षं चाललेत. छापलेलं तापमान आणि अँपिअर जुळले की माझ्या मते हरकत नाही.

खामल्याची वर्षा
शनिवारी दीर दोन्ही भाग घेऊन बर्डीवर जाणार आहेत. कंपनीचा भाग मिळायला दहा दिवस लागतील म्हणे, तेवढे दिवस चादरींसाठी थांबता येणार नाही. कोणता मिळतो ते इथेच सांगते.