मदत हवी आहे: आमच्या शिलाईला स्वतःचं नाव द्यावं का, आणि कसं?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. मी आणि माझी बहीण चामड्याच्या पिशव्या आणि पाकिटं हाताने शिवून ऑनलाइन विकतो. माल चांगला आहे, परत येणारे ग्राहकही आहेत. पण आमच्या पानावर लिहिलंय 'हाताने शिवलेली, टिकाऊ, उत्तम दर्जाची', आणि नेमकं हेच बाकी सगळ्यांच्या पानावर आहे.

खरा फरक शिलाईत आहे. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकतात. एक टाका तुटला की शेजारचे सैल पडू लागतात. आम्ही एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई लावतो आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा ओढतो. एक टाका कापला तरी शेजारचा धरून राहतो. ग्राहकाला समोर कापून दाखवलं की त्याला लगेच पटतं, पण पानावर हे दोन परिच्छेद कोणी वाचत नाही.

म्हणून या पद्धतीला नाव द्यायचं डोक्यात आहे. 'दुहेरी टाका', 'अभेद्य शिलाई', 'प्रो-लॉक टेक्नॉलॉजी' आणि 'सुटेना' अशी चार सुचली आहेत. अडचण अशी की ही पद्धत आमची नाही, खोगीर शिवणारे पिढ्यान्‌पिढ्या असंच शिवत आलेत. मग तिला आपलं नाव देणं खोटेपणा होईल का? आणि नाव नक्की कशाला द्यायचं: टाक्याला, दोऱ्याला, की पिशवीला?

निळीशाई

नाव लहान ठेवा, उच्चाराला सोपं हवं. त्या नावाचं डोमेन मिळतंय का ते आधी बघा. लोगोत सुई असेल तर छान दिसेल.

सुईदोरा

धन्यवाद, पण व्यवसायाचं नाव आणि लोगो आधीच आहे. मला आतल्या शिलाईच्या पद्धतीला नाव द्यायचंय.

जुनाजाहिरातवाला

आधी खोटेपणाचा प्रश्न, कारण तो तुम्हाला खरंच टोचतोय असं दिसतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला क्लॉड हॉपकिन्स यांनी श्लिट्झ बिअरच्या जाहिराती लिहिल्या. त्यांनी कारखाना फिरून पाहिला आणि गाळलेल्या हवेत बिअर कशी थंड करतात, वाफेने बाटल्या कशा धुतात, हे सगळं जाहिरातीत सांगितलं. बाकीचे कारखानेही तेच करत होते, पण ते कोणी सांगितलं नव्हतं. 'फक्त आम्हीच' असा दावा नसेल तर सगळे करतात ती गोष्ट सांगण्यात खोटं काही नाही. तुम्हीही 'फक्त' हा शब्द टाळा.

पण एक लक्षात घ्या, तिथे पद्धतीला नाव नव्हतं, नुसतं वर्णन होतं. वर्णनाने पहिल्याने सांगणाऱ्याला फायदा मिळतो. नाव दिलं की तो फायदा एका शब्दात अडकतो आणि ग्राहक तो दुसऱ्याला सांगू शकतो.

चार नावांपैकी 'प्रो-लॉक' आजच काढून टाका. शिवणकामात लॉक-स्टिच म्हणजे तुम्ही ज्याला नाकारताय तोच मशीनचा टाका. जाणकार ग्राहक हसेल आणि अजाण ग्राहकाला काहीच कळणार नाही. 'अभेद्य' हा शब्द कुठल्याही वस्तूला लागतो, म्हणून कोणालाच चिकटत नाही. 'दुहेरी टाका' खरं आहे, पण ते पद्धतीचं वर्णन आहे. उद्या शेजारचाही तेच लिहील आणि त्याला लिहू द्यावं लागेल. 'सुटेना' मला आवडलं, कारण त्यात ग्राहकाला हवा असलेला परिणाम आहे.

एक चाचणी करून पाहा. 'आमची अमुक शिलाई: एक टाका कापला तरी बाकीचे सुटत नाहीत' हे वाक्य लिहा आणि त्यातून नाव काढून टाका. उरलेल्या वाक्यात विकत घ्यायचं कारण राहिलं तर नाव त्याच्या वर उभं राहील. कारण राहिलं नाही तर नाव म्हणजे नुसता वरचा रंग आहे.

आरीवाला

मीही चामड्याचं काम करतो. या धाग्यात एक गोष्ट जरा जास्त सोपी करून सांगितली जातेय. मशीनची शिवण एक टाका तुटला म्हणून झरझर उसवत नाही. कड नीट चिकटवलेली असेल, दोरा चांगला असेल, तर बराच काळ तशीच राहते. उलट हाताचा टाका ढिला ओढला असेल तर तोही सुटतो. ताण प्रत्येक टाक्याला सारखा नसेल तर दोन सुयांचा काही उपयोग नाही.

शिवाय हाताने शिवणारा जवळजवळ प्रत्येक कारागीर हाच टाका घालतो. मग 'सुटेना' या नावाखाली तुमचं असं काय आहे? हा प्रश्न मी टोचायला विचारत नाही. ग्राहक नाही तरी दुसरा कारागीर विचारणारच.

सुईदोरा

रास्त प्रश्न आहे. विचार केला तर तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे दोन सुयांचा टाका. दुसरी, पट्टा जिथे पिशवीला जोडला जातो आणि कडेची शिवण जिथे संपते, तिथे आम्ही तीन भोकं मागे येऊन परत शिवतो. तिसरी, मेण लावलेलाच दोरा वापरतो, त्यामुळे तो भोकात घट्ट बसतो. एकेक गोष्ट कुणीही करत असेल, पण तिन्ही मिळून प्रत्येक पिशवीत असतातच.

जुनाजाहिरातवाला

मग नाव टाक्याला देऊ नका, या तिन्हींच्या नियमाला द्या. आरीवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

कापडात याचं एक सुरेख उदाहरण आहे. धुतल्यावर आटू नये म्हणून कापड आधीच यंत्राने आटवून घ्यायची पद्धत सॅनफर्ड क्लुएट यांनी काढली, १९३० च्या सुमारास. तिचं नाव पडलं सॅनफोराइज्ड. क्लुएट पीबडी कंपनीने ती पद्धत दुसऱ्या गिरण्यांनाही वापरायला दिली. पण कापडावर तो शब्द छापायचा असेल तर आटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत असायला हवं, अशी अट होती. म्हणजे त्या शब्दामागे मोजता येणारी हद्द होती. यंत्रात काय होतं हे ग्राहकाला कळायची गरज नव्हती. शब्द दिसला की शर्ट अंगाला बसेल, एवढं त्याला कळायचं. जीन्सचे शौकीन आजही हा शब्द वापरतात.

तुमच्याकडेही तशी हद्द हवी. 'सुटेना' म्हणजे दोन सुया, ताणाच्या प्रत्येक जागी तीन भोकांची उलट शिवण आणि मेणाचा दोरा. यातलं एक जरी नसेल तर त्या वस्तूवर ते नाव नाही, मग ती तुमची सगळ्यात स्वस्त पाकिटं असली तरी.

सुईदोरा

कार्ड ठेवायच्या पाकिटांना उलट शिवण नसते, तिथे जागाच नसते. म्हणजे त्यांच्यावर हे नाव लावता येणार नाही. हे मनाला जरा जड जातंय, कारण सगळ्यात जास्त तीच विकली जातात.

जुनाजाहिरातवाला

लावू नका. एकदा अपवाद केला की पुढच्या वेळी हद्द कुठे होती ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

प्रथमपुरुष

सरळ ट्रेडमार्क नोंदवून टाका. मग दुसऱ्या कोणाला असं शिवताच येणार नाही.

कलम_नववे

नोंदणीचा सल्ला बरोबर, पण पुढचं चुकलं. ट्रेडमार्कने नावाला संरक्षण मिळतं, पद्धतीला नाही. पद्धतीसाठी पेटंट लागतं आणि जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या टाक्याला ते मिळत नाही. दुसरा कारागीर अगदी तुमच्यासारखं शिवेल, फक्त त्याला 'सुटेना' म्हणता येणार नाही.

तेसुद्धा नोंदणी झाली तर. वस्तूचा गुण थेट सांगणारा शब्द नोंदवायला कठीण जातो, कारण तो गुण सांगायचा हक्क सगळ्यांनाच असतो. 'सुटेना' थेट वर्णन आहे की गुण नुसता सुचवणारं नाव, यावर दोन्ही बाजूंनी वाद होऊ शकतो. मला ते सीमेवर वाटतं. अर्ज करण्याआधी प्रत्यक्ष वकिलाला विचारा.

आणि नाव मिळालं तरी ते कसं वापरता हे सांभाळा. 'एस्कलेटर' हे एकेकाळी ओटिस कंपनीचं नाव होतं. १९५० मध्ये अमेरिकेत ते रद्द झालं, आणि त्याचं एक कारण म्हणजे कंपनी स्वतःच जाहिरातींत आणि पेटंटच्या कागदांत तो शब्द सरकत्या जिन्याचं सर्वसाधारण नाव म्हणून वापरत होती. तुम्ही 'सुटेना शिलाई' लिहा. 'आम्ही पिशव्या सुटेना करतो' असं लिहू नका.

साबणकट्टा

माझा अनुभव उलटा आहे. साबणातल्या तीन तेलांच्या मिश्रणाला मी 'त्रिसत्त्व' असं नाव दिलं, वेष्टनावर मोठं छापलं. आजपर्यंत एकाही ग्राहकाने ते नाव उच्चारलेलं नाही. सगळे 'तो हिरव्या रेषेवाला' म्हणून मागतात. माझ्या मते नावाचा काही फायदा होत नाही.

जुनाजाहिरातवाला

तुमच्या ग्राहकांनी तर नाव दिलंय, फक्त ते त्यांना दिसलेल्या गोष्टीला दिलं. 'त्रिसत्त्व' डोळ्यांना कुठेच दिसत नाही आणि त्याने त्वचेचं काय होतं हेही नावातून कळत नाही. तोंडाचा वास घालवणाऱ्या सर्ट्स नावाच्या गोळ्यांत 'रेटसिन' असायचं. त्यात तांब्याचं एक संयुग, सरकीचं तेल आणि स्वाद, एवढंच होतं. पण गोळीवर बारीक हिरवे ठिपके दिसायचे, म्हणून त्या नावाला बोट ठेवायला जागा होती. तुमची हिरवी रेष त्या मिश्रणामुळेच येत असेल तर नाव त्या रेषेला जोडा.

सुईदोरा ताई, तुमच्यासाठीही हाच प्रश्न आहे. 'सुटेना' पिशवीवर कुठे दिसेल?

सुईदोरा

उलट शिवणीची तीन भोकं वरून दुप्पट जाड दिसतात. तिथे वेगळ्या रंगाचा दोरा वापरावा असं बहीण म्हणते. पण रंग बदलायचा तर दोरा तोडावा लागेल, आणि नेमक्या ताणाच्या जागी दोऱ्याची टोकं येतील. ज्याच्यासाठी नाव घेतलं तेच कमजोर होईल.

आरीवाला

रंग नको. जाडी आहे तशी राहू द्या आणि फोटोत तीच जागा जवळून दाखवा. लेबलही तिथेच लावा. मात्र 'सुटणार नाही' असं छापण्याआधी एक काम करा. पट्ट्याच्या जोडाजवळचा एक टाका कापा, पिशवी वजन भरून टांगून ठेवा, आणि रोज शेजारच्या टाक्यांची जागा पेन्सिलच्या खुणेशी ताडून पाहा. मशीनने शिवलेली एक पिशवीही शेजारी तशीच टांगा. फरक मोठा निघाला तर ते फोटोच तुमची जाहिरात. किरकोळ निघाला तर नाव बदला.

कलम_नववे

सहमत. असं नाव म्हणजे ग्राहकाला दिलेला शब्द असतो. उसवलेली पिशवी परत आली तर फुकट शिवून द्यायची तयारी आहे का, हेही आत्ताच ठरवा.

सुईदोरा

फुकट शिवून आम्ही आजही देतो, फक्त कुठे लिहिलेलं नाही. दोन्ही पिशव्या उद्याच टांगते.

तोवर पानासाठी एक वाक्य लिहिलंय, बघा: 'सुटेना शिलाई: एक टाका कापला तरी शेजारचे धरून राहतात. पट्ट्याच्या जोडाजवळचे तीन जाड टाके पाहा.'

जुनाजाहिरातवाला

वाक्य चांगलं आहे. आठ-दहा अनोळखी लोकांना ते एकदाच वाचायला द्या आणि दोन दिवसांनी 'त्या पिशवीत विशेष काय होतं' एवढंच विचारा. नाव आठवलं पण टाके धरून राहतात हे आठवलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहा. टाक्यांचं आठवलं आणि नाव नाही, तर लेबलवर नाव मोठं करा. दोन्ही आठवलं नाही तर फोटोपासून सुरुवात करा.

आरीवाला

वजन किती टांगणार ते लिहा इथे. फार कमी ठेवलंत तर दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतील.