मदत हवी आहे: रिक्षाचा हप्ता ठरलेला, कमाई रोज वेगळी. महिन्याचं बजेट कसं बसवायचं?

तीनचाकी_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी विडी घरकुलात राहतो, रिक्षा चालवतो. स्टेशन, सात रस्ता, मिळेल तिकडं. गाडी कर्जावर आहे, दर 5 तारखेला खात्यातून 5,800 कापले जातात. या 5 जूनला खात्यात 4,100 होते. हप्ता परत गेला, कर्जवाल्यांनी दंड लावला आणि बँकेनं वेगळे पैसे कापले.

जानेवारीपासून वहीत लिहितोय. गॅस भरून हातात उरलेले: जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेमुळं 24,600, फेब्रुवारी 20,300, मार्च 21,000, एप्रिल 17,900, मे 15,200. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर माणूस दिसत नाही. बायको विड्या वळते, तिचे महिन्याला 3,600 धरा. भाडं, किराणा, दूध, आईची औषधं, पोरीची शिकवणी मिळून घराला 14,000 लागतात. बजेट लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला अडतो. कमाई किती लिहू?

जुळे_सोलापूरकर
सरासरी काढा. पाच महिन्यांची 19,800 येते. बायकोचे धरून 23,400, खर्च हप्त्यासकट 19,800. महिन्याला 3,600 उरायला हवेत. कमाई पुरेशी आहे, पैसे कुठंतरी गळतायत.

सेंट्रिंगकाम
भाऊ, भिशी लाव. आमची 12 जणांची आहे, महिन्याला 2,000. मला गेल्या वर्षी नंबर लागला तेव्हा घराचा पत्रा बदलला. आमचा पगार शनिवारी होतो, पण ठेकेदार दोन-दोन आठवडे दाबून ठेवतो. तरी भिशी चुकवत नाही.

हिशेबवही
मी पतसंस्थेत पिग्मीची खाती बरीच वर्षं सांभाळली, निम्मे खातेदार रिक्षावाले आणि भाजीवालेच होते. त्यावरून सांगते.

सरासरी चुकीची नाही, पण जानेवारीचे जास्तीचे पैसे मेपर्यंत शिल्लक असले तरच ती कामाची. शिवाय या पाच महिन्यांत गड्डा आणि लग्नसराई आहे, पावसाळा नाही. आणि दादा, तुमच्या खर्चात विमा, पासिंग, टायर, सर्व्हिसिंग दिसत नाही. वर्षाचे किती होतात?

तीनचाकी_सोलापूर
ताई, 18,000 च्या आसपास. ते आले की उसनेच घेतो.

हिशेबवही
म्हणजे महिन्याला 1,500. हप्ता मिळवून गाडीचे 7,300. महिन्यात 25 दिवस गाडी फिरते असं धरा, रोजचे 300 झाले. गॅस भरला की घरी जायच्या आधी हे 300 बाजूला. त्यातले 240 हप्त्याच्या खात्यात, दर दोन-तीन दिवसांनी भरा. 60 वेगळे ठेवा, त्यांची पिग्मी चालेल. पण मुदतीआधी मोडली तर व्याज जातं, कधी वर कापतातही, ते आधी विचारा. आणि बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. त्यामुळं मोठी रक्कम तिथं साठू देऊ नका.

आता बायकोचे मिळवून, रोजच्या 300 चे महिन्याचे 7,500 काढून आणि घरचे 14,000 भागवून बघा. जानेवारीत 6,700 उरतात, फेब्रुवारीत 2,400, मार्चमध्ये 3,100. एप्रिलला बरोबर शून्य. मे महिन्यात 2,700 कमी. पहिल्या तीन महिन्यांचे 12,200 ठेवले असते तर मे सहज निघाला असता.

म्हणून रोजची कमाई थेट घरात आणू नका. 300 काढून उरलेलं एका डब्यात टाका आणि दर सोमवारी त्यातून घराला ठरलेला पगार द्या. बायकोचे धरून घर भागवायला तो 2,400 पडतो. चांगला आठवडा गेला तरी 2,400 च.

भिशीबद्दल: ठरलेला एक हप्ता जड जातोय, त्यात दुसरा कशाला? डब्यात तीन महिने शिल्लक टिकली की मग बघा.

सेंट्रिंगकाम
ताई, डब्यातला पैसा घरात राहत नाही हो. भिशीत दुसऱ्याचं बंधन असतं म्हणून राहतो.

हिशेबवही
ते खरं आहे. मग डबा घरात नको, ज्याला फोनचं यूपीआय जोडलेलं नाही असं खातं ठेवा.

तीनचाकी_सोलापूर
12,200 चा हिशेब लागला. 4,000 मित्राला हातउसने दिले, संक्रांतीला बहिणीला साडी, बाकी मोबाईलमध्ये गेले. पण ताई, आज डबा रिकामा आहे. मे सारखा महिना गेला तर सोमवारी 2,400 आणू कुठून?

हिशेबवही
नाही आणता येणार. सुरुवात तुमच्या सर्वांत वाईट महिन्यावरून करा. मेमध्ये रोजचे 300 काढून 7,700 उरतात, म्हणजे आठवड्याला 1,750. श्रावणात सिद्धेश्वराची गर्दी, नवरात्रात तुळजापूरची भाडी, तेव्हा वाढलेलं आधी डब्यात भरू द्या. पगार नंतर वाढवा.

जुळे_सोलापूरकर
माझी सरासरी पावसाळा धरून काढायला हवी होती, मान्य. पण 1,750 मध्ये घराला महिन्याला 2,800 कमी पडणार. भाडं आणि औषधं तर कापता येत नाहीत. किराणा दोन महिने उधारीच्या वहीवर घ्या.

हिशेबवही
मला ते पटत नाही. श्रावणातले पैसे मग डब्यात न जाता दुकानदाराकडं जातील. आधी मित्राकडचे 4,000 मागा.

तीनचाकी_सोलापूर
मित्राला आजच फोन केला, तो पंधरा दिवस थांब म्हणतोय. 300 काढायला उद्यापासून सुरुवात करतो. हप्त्याची तारीख 5 ची 12 करून मिळते का, कुणी करून घेतली असेल तर सांगा.