मदत हवी आहे: कोळंबीमुळे की गोळीमुळे पित्त उठलं?

आईच्या (वय ५८) अंगावर परवा रात्री पित्त उठलं. जेवणात कोळंबी होती, ती आई लहानपणापासून खाते. जेवणानंतर गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतली, तीही आधी दोनतीनदा घेतलेली. तासाभरात पोटावर, मांड्यांवर लाल, फुगीर गांध्या आल्या आणि भयंकर खाज सुटली. गांधी दाबली की पांढरी पडते. एका जागची तीनचार तासांत जिरते, दुसरीकडे नवी उठते; मागे डाग राहत नाही. ओठ-जीभ सुजलेली नाही, श्वास नीट आहे. तसं झालं तर थेट रुग्णालय, हे ठरलंय. डॉक्टरांनी सेट्रिझिन दिली, खाज कमी झाली. तूर्त कोळंबी आणि ती गोळी दोन्ही बंद.

नेमकं कारण कसं शोधतात? कोळंबीसाठी त्वचेवरची चाचणी असते, पण वेदनाशामकासाठी ती उपयोगी पडते का? आणि चाचणीआधी सेट्रिझिन किती दिवस थांबवावी लागते?