वाकाटकांचे सन ताम्रपटांतून खरंच निघतात का?

नगरधनचा वाटसरू: वाकाटकांच्या ताम्रपटांत राज्याचं तेरावं, एकोणिसावं असं नुसतं वर्ष असतं. तरी वाकाटकांच्या राणीला, प्रभावतीगुप्तेला, पुस्तकं बिनदिक्कत इ.स. ४०० च्या आसपास बसवतात. मला हा अंदाजच वाटतो.

शकमोजणी: अंदाज कसला? ताम्रपटात शक असतो, त्यात ७८ मिळवा. शिलाहारांचे सन असेच काढतात.

जुनी लिपी: शिलाहारांचं ठीक, इथे ते चालत नाही. वाकाटकांचा शक मिळतो हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखात, शके ३८०, पण तो वत्सगुल्म शाखेच्या देवसेनाचा. प्रभावतीची शाखा नंदीवर्धनची.

तिचा काळ माहेरावरून ठरला. मुलगा दुसरा प्रवरसेन आपल्या ताम्रपटांत आजोबांचं नाव ‘देवगुप्त’ देतो. शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १८८८ मध्ये हा देवगुप्त म्हणजे मगधाच्या उत्तरकालीन गुप्तांपैकी एक असं धरलं आणि वाकाटक थेट सातव्या शतकाच्या शेवटाकडे गेले. पुढे पुण्यात खुद्द प्रभावतीचा ताम्रपट मिळाला. त्यात सासरच्या आधी माहेरची वंशावळ आहे: घटोत्कच, चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त आणि त्याची मुलगी ती. म्हणजे देवगुप्त हाच दुसरा चंद्रगुप्त. त्याचे स्वतःचे लेख गुप्त संवताचे आहेत, मथुरेचा ६१ आणि सांचीचा ९३. ३१९ मिळवले की इ.स. ३८० आणि ४१२. मुलीची कारकीर्द याच्या आसपासच बसते.

नगरधनचा वाटसरू: म्हणजे एका नावाने तीनशे वर्षांचा घोळ झाला! मग मी काय वेगळं म्हणतोय? शिवाय वंशावळ दरबारच लिहिणार, मोठं माहेर कोण मिरवणार नाही?

जुनी लिपी: मिरवलंच आहे, सासरच्या ताम्रपटात गुप्तांची वंशावळ आधी येते ती उगीच नाही. पण नातं एकाच दरबाराच्या शब्दावर धरलेलं नाही. आई वडिलांना चंद्रगुप्त म्हणते, मुलगा देवगुप्त म्हणतो, आणि दोघांच्या लेखांतलं अक्षरांचं वळण त्याच काळाला जुळतं. लिपितज्ज्ञ ब्यूलरने वळणावरूनच पाचवं शतक आधी सांगितलं होतं. मात्र ‘इ.स. ३९५ ते ४०५’ असे नेमके आकडे कुणी छापले, तर तिथे तुमची शंका रास्त. तेराव्या वर्षाची मोजणी कधीपासून, हे पुण्याच्या पटात नाही.

वतनदार: आमच्या घरी पणजोबांपासून एक तांब्याचा पत्रा आहे, वर मोडी अक्षरं आहेत. यावरून जमिनीचा हक्क सांगता येईल का?

शकमोजणी: अहो, इथे पाचवं शतक चाललंय! मोडी वाचणाऱ्याला आधी दाखवा, आणि घासूनपुसून चकचकीत करू नका.

जुनी लिपी: वंशावळीतली खरी अडचण पुढे आहे. पुण्याच्या पटात तिचा मुलगा युवराज दिवाकरसेन. रिद्धपूरच्या पटात प्रभावती ‘दामोदरसेन-प्रवरसेन’ यांची आई. दामोदरसेन हा वेगळा भाऊ, की प्रवरसेनाचंच आधीचं नाव? इतिहाससंशोधक मिराशी दोघे एकच धरत, काही जण वेगळे मानतात. मला वेगळे वाटतात.

नगरधनचा वाटसरू: वेगळे असतील तर मधल्या भावाने किती वर्षं राज्य केलं ते सांगा.