मदत हवी आहे: रूपांतरण सनद आणि एक-चौदावरचं कुळाचं नाव (गोवा)

बार्देशातील ४०० चौ.मी. जमिनीवर घर बांधायचं आहे. जमीन सेटलमेंट झोनमध्ये आहे, रस्ता लागून आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे गोवा जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली रूपांतरण सनदेचा अर्ज करायचा आहे. एक-चौदाचा उतारा, सर्व्हे प्लॅन, नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला, खरेदीखत आणि रस्ता दाखवणारा साइट प्लॅन जमवला आहे.

अडचण उताऱ्यात आहे. कुळाच्या रकान्यात जुनं नाव आहे. ती व्यक्ती हयात नाही, वारसांनी दावा केलेला नाही, खरेदी प्रमाणपत्रही निघालेलं नाही. कुळाकडे गेलेली जमीन १९९१च्या गोवा जमीन वापर नियमन कायद्याने बिगरशेती करता येत नाही, म्हणून आधी नाव कमी करणं गरजेचं वाटतं. वारसांची नोटरी केलेली ना-हरकत तलाठ्यांनी पुरेशी मानली नाही.

कुळ नसल्याचा निर्णय आता मामलेदाराकडून घ्यायचा की दिवाणी न्यायालयातून? आणि तो प्रलंबित असताना सनदेचा अर्ज दाखल करून घेतात का?