मदत हवी आहे: वॉटर प्युरिफायरच्या शॉर्टमध्ये खरा फरक कसा दाखवायचा?

मंडळी, दादरच्या एका विक्रेत्यासाठी ४५ सेकंदांचा शॉर्ट लिहितेय. मशीन यूव्ही आणि कार्बनचं आहे, आरओ नाही. त्यांना तो नेहमीचा प्रयोग हवाय: नळाच्या पाण्यात विजेच्या दांड्या बुडवायच्या आणि पाणी तपकिरी झालं की "बघा घाण!" म्हणायचं. तो रंग लोखंडी दांडी झिजून येतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, एवढंच. हे मी लिहिणार नाही. टीडीएस मीटरही नको, कारण यूव्हीने टीडीएस बदलत नाही आणि मुंबईचं तलावाचं पाणी मुळात कमी क्षारांचं असतं.

खरा फरक क्लोरीनचा दिसतो. एकाच नळाचं पाणी, दोन सारख्या परीक्षानळ्या, दोन्हींत क्लोरीन तपासायच्या ओटीओ द्रावणाचे सारखेच थेंब. थेट नळाचं पाणी पिवळं होतं, कार्बनमधून आलेलं जवळजवळ रंगहीन राहतं. एकच शॉट, मागे पांढरा कागद, कट नाही.

अडचण अशी, की पिवळा रंग बघून लोकांना पाणी घाणेरडं वाटेल. उलट क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं. शिवाय यूव्हीचं काम यात दिसतच नाही. "हा रंग घाणीचा नाही" हे वाक्य थेंब टाकण्याआधी घ्यावं की रंग आल्यावर? आणि यूव्हीबद्दल एका ओळीत काय म्हणाल?